शब्दचर्चा: औषधाची ‘रिअ‍ॅक्शन’ आली म्हणजे नक्की काय आलं?

गोदाकाठ: सासूबाईंना बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू केली. 5 मिलिग्रॅमने बीपी उतरेना म्हणून 10 केली, आणि आता संध्याकाळपर्यंत दोन्ही घोटे सुजतात. शेजारच्या काकू म्हणतात, “रिअ‍ॅक्शन आलीये, गोळी बंद करा.” आमच्या मेडिकलवाल्यांचं म्हणणं, “साइड इफेक्ट आहे, चालू द्या.” त्यातच गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात फॉर्म भरायला दिला, त्यावर रकाना: ‘कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी?’ तिथे अ‍ॅम्लोडिपिन लिहायचं का? रिअ‍ॅक्शन, साइड इफेक्ट, अ‍ॅलर्जी, बाधणं, वावडं हे सगळं एकच आहे की वेगवेगळं?

पंचवटीकर: मराठीत ‘वावडं’ असताना अ‍ॅलर्जी कशाला? कोशात ‘अधिहर्षता’ही सापडेल, पण तो शब्द कोणाच्या तोंडी नाही. औषध बाधलं की वावडं, इतकं सोपं आहे. सूज आली म्हणजे शरीराने औषध नाकारलं.

म्हसरूळकर: पंचवटीकर, ‘वावडं’ झकास, पण सूज आली की वावडं हे पटत नाही. औषधशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते, बीपी त्यामुळेच उतरतं. पण ती बारीक धमन्या जास्त सैलावते, शिरा तितक्या नाही. मग केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभर उभं राहिल्यावर पायात साचतं. म्हणजे ज्या कामासाठी गोळी दिली त्याच कामाचं हे दुसरं टोक. शरीराने काही नाकारलेलं नाही. डोस वाढला की सूज वाढते, 10 वर ती 5 पेक्षा जास्त जणांना येते. सासूबाईंचं नेमकं तेच झालेलं दिसतंय. याला साइड इफेक्ट म्हणा किंवा दुष्परिणाम.

वावड्यात प्रतिकारशक्ती औषधाला शत्रू समजते. तिथे डोसाचा हिशेब असा चालत नाही, अर्ध्या गोळीनेही गोंधळ होतो. आणि त्याचं रूप निराळं: खाज, अंगभर उठणाऱ्या गांधी, ओठ-पापण्या सुजणं, छातीत घरघर, चक्कर, उलट्या. बऱ्याचदा औषध घेतल्यावर काही मिनिटांत, तासाभरात.

रानवारा: अंगावर गांधी उठणं म्हणजे पित्तच ना? मला आंबट खाल्लं की उठतं. आमसुलाचं पाणी लावते, जातं. गोळीची भीती कशाला घालता लोकांना?

वॉर्डातली: रानवारा ताई, ‘पित्त उठलं’ या शब्दानेच घोटाळा होतो. अंगावर उठणाऱ्या पित्ताचा पोटातल्या पित्ताशी संबंध नाही. माझी ड्यूटी कॅज्युअल्टीत असते. माणूस सांगतो, “पित्त उठलं होतं, घरी आमसूल लावलं,” आणि आदल्या रात्री अँटिबायोटिकची पहिली गोळी घेतली होती हे विचारल्याशिवाय कळत नाही. दुसरी गोळी घेऊन आलेला असतो तेव्हा आवाज घोगरा झालेला असतो. म्हणून नवं औषध सुरू असताना गांधी उठल्या तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

सिडकोची सून: माझ्या वडिलांचं मात्र तुमच्या कुठल्याच खणात बसत नाही. रामिप्रिल कित्येक वर्षं चालू, काही त्रास नाही. एक दिवस सकाळी उठले ते वरचा ओठ भला मोठा. खाज नाही, अंगावर एकही गांधी नाही. जवळच्या दवाखान्यात अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं, सूज हलली नाही. “जुन्या गोळीची कशी अ‍ॅलर्जी येईल, काहीतरी चावलं असेल,” असं सांगून गोळी चालूच ठेवली. नंतर पुन्हा तसंच झालं, त्या वेळी जीभसुद्धा.

म्हसरूळकर: हे फार महत्त्वाचं लिहिलंत. काटेकोर बोलायचं तर हे वावडं नाहीच. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, म्हणजे शेवटी ‘प्रिल’ असलेल्या गोळ्या शरीरातल्या ब्रॅडीकायनिन नावाच्या पदार्थाचं विघटन अडवतात. तो साचला की काही जणांना कोरडा खोकला लागतो आणि थोड्यांना ओठ, जीभ, घसा सुजतो. यात हिस्टामिन नसतं, म्हणून खाज नाही, गांधी नाहीत, आणि अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनचा फारसा उपयोगही नाही. सुरू केल्यावर लगेच होऊ शकतं, वर्षांनीही होऊ शकतं.

म्हणजे व्याख्येने दुष्परिणाम, पण वागायचं अ‍ॅलर्जीसारखं: गोळी तत्काळ बंद, आणि ‘प्रिल’वाली दुसरी कुठलीही पुन्हा कधीच नाही. याउलट घोट्याच्या सुजेला गोळी परस्पर थांबवायची नाही, कारण बीपी पुन्हा चढेल. तेव्हा थांबवायचं की नाही हे नुसत्या नावावरून ठरवू नये. सूज कुठे आहे ते पाहावं.

नाशिकरोडचा: काय भो, सामान्य माणसाने रात्री 2 वाजता ब्रॅडीकायनिन शोधत बसायचं का? सरळ सांगा, पळायचं कधी?

वॉर्डातली: ओठ, जीभ, पापण्या किंवा घसा सुजला, आवाज बदलला, थुंकी गिळता येईना, धाप लागली, किंवा गांधींसोबत चक्कर-उलटी झाली, तर वाट पाहू नका. 108 लावा किंवा जवळचं जे हॉस्पिटल असेल ते गाठा. घरातली सेट्रिझिन देऊन “बघू उतरतंय का” म्हणत बसू नका. ती खाज घालवते, बंद होणारा घसा उघडत नाही. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. चक्कर येत असेल तर माणसाला आडवं ठेवा, उभं करून चालवत नेऊ नका. धाप असेल तर बसू द्या. गोळ्यांची पट्टी सोबत आणा, ‘पांढरी छोटी गोळी’ यावरून आम्हाला काही कळत नाही. आणि बरं वाटलं तरी लगेच घरी जायची घाई नको, काहींना काही तासांनी परत उसळतं.

गोदाकाठ: मग सासूबाईंचं काय करू?

म्हसरूळकर: चालू ठेवा आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ते डोस कमी करतील, गोळी बदलतील किंवा जोडीला दुसरी देतील. लघवी होण्याची गोळी स्वतःहून आणू नका, या सुजेवर ती फारशी चालत नाही. मात्र एकच पाय सुजून दुखू लागला, किंवा आडवं पडल्यावर दम लागू लागला, तर तो अ‍ॅम्लोडिपिनचा विषय नाही, त्याच दिवशी दाखवा. फॉर्मवर अ‍ॅलर्जीच्या रकान्यात अ‍ॅम्लोडिपिन लिहू नका.

सिडकोची सून: आणि वडिलांच्या फॉर्मवर? अ‍ॅलर्जी नाही म्हणताय, म्हणजे रकाना कोरा?

वॉर्डातली: कोरा मुळीच नको! ‘रामिप्रिल, ओठ व जीभ सुजली’ असं लिहा. व्याख्या गेली चुलीत, पुढच्या डॉक्टरने ते वाचलं पाहिजे.

म्हसरूळकर: लिहा, पण नुसतं ‘अ‍ॅलर्जी’ नको, काय झालं तेही हवं. लहानपणी तापात पुरळ आलं म्हणून ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असा शिक्का जन्मभर घेऊन फिरणारे पुष्कळ असतात. नीट तपासलं तर बहुतेकांना ती नसते, आणि उगाच भारी अँटिबायोटिक घ्यावी लागते.

पंचवटीकर: पण मग मराठीत काय म्हणायचं ते राहिलंच. ‘बाधलं’ दोन्हीला चालतं, ‘वावडं’ एकालाच, आणि रामिप्रिलला तर तिसराच शब्द हवा.

रानवारा: आमच्याकडे ‘औषध मानवलं नाही’ म्हणतात.

पंचवटीकर: ते तर जुलाबालाही म्हणतात.