मदत हवी आहे : दोन मुलांच्या गणवेशाला कापड नक्की किती घ्यावं?

निशिगंधा

मुलगी यंदा सातवीत गेली, मुलगा तिसरीत. दोघांची शाळा एकच. शाळेने कापडाचा नमुना दिलाय, शिवून कुठूनही घ्या म्हणालेत. आकाशी शर्ट दोघांना, मुलीला नेव्ही ब्ल्यू पिनाफोर, मुलाला त्याच कापडाची हाफ पँट. प्रत्येकी दोन जोड.

आमच्या धायरीतल्या टेलरकाकांनी मापं घेतली आणि चिठ्ठी दिली. शर्टाचं कापड ३६ पन्ह्याचं : मुलीला दीड-दीड मीटर, मुलाला सव्वा-सव्वा, म्हणजे साडेपाच मीटर. नेव्ही ब्ल्यू ५८ पन्ह्याचं : पिनाफोरला दोन-दोन मीटर, पँटला पाऊण-पाऊण, तेही साडेपाच मीटर.

रविवार पेठेत कापडगंजात भाव काढून आले. आकाशी ३६ पन्हा १२० रुपये मीटर, तेच ५८ पन्ह्यात १८०. नेव्ही ब्ल्यू २४० रुपये. शिलाई मुलीचा शर्ट २८०, मुलाचा २४०, पिनाफोर ४५०, हाफ पँट २५०. बटणं, बक्रम, चेन, खिशाचं अस्तर मिळून नगाला ३० रुपये वेगळे.

हिशोब केला तर कापड १९८०, शिलाई २४४०, सामान २४०, एकूण ४६६० होतात. सासूबाई म्हणतात कापड फार सांगितलंय, उरलेलं काका ठेवून घेतात. काका तसे वाटत नाहीत, पण मला शिवणातलं काही कळत नाही. ५८ पन्ह्याचं घेतलं तर स्वस्त पडेल का?

---

पेठेतला_बंड्या

सरळ हिशोब आहे. ५८ पन्हा म्हणजे जवळजवळ दुप्पट रुंदी, म्हणजे कापड निम्मं. साडेपाचच्या जागी पावणेतीन मीटर. १८० ने ४९५ रुपये. १६५ वाचले. डोळे झाकून घ्या.

---

आबा_कोथरूड

मुलांना रेडिमेड का घेत नाही? लक्ष्मी रोडवर गणवेशाची ओळीने दुकानं आहेत. आमच्या वेळी एका खाकी चड्डीवर वर्ष निघायचं, ढुंगणावर ठिगळ लावून.

---

निशिगंधा

आबा, मुलगी उंच आणि बारीक आहे. खांद्याला बसणारं रेडिमेड उंचीला तोकडं होतं, उंचीला बसणारं खांद्यावरून घसरतं. म्हणून शिवून घ्यायचंय.

---

चित्राकाकू

निशिगंधा, मी तीस वर्षं घरी शिवते, त्यातली निम्मी गणवेशच. मुलीची छाती, कंबर, शर्टाची उंची आणि पिनाफोरची पूर्ण उंची सांग. मुलाची छाती आणि दोन्ही उंच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिनाफोरला बॉक्स प्लीट किती आहेत ते मोज. पुढे किती, मागे किती, एकेक किती रुंद.

---

निशिगंधा

काकू, चिठ्ठीवरची मापं इंचांत. मुलगी : छाती ३२, कंबर २८, शर्ट उंची २३, पिनाफोर खांद्यापासून ३५. मुलगा : छाती २६, शर्ट २०, पँट १४.

प्लीट शेजारच्या मुलीच्या जुन्या पिनाफोरवर मोजले. पुढे ३, मागे ३, प्रत्येक ४ इंच.

---

चित्राकाकू

आता नीट सांगता येईल.

बंड्या, तुझं अर्धंच बरोबर आहे. कापड रुंदीच्या हिशोबाने कमी होत नाही, तुकडे शेजारी शेजारी मावतात का त्यावर होतं. मुलाचा शर्ट घे. छाती २६, त्यात ५ इंच ढिलेपणा, म्हणजे पाठ साडेपंधरा आणि मायेसकट साडेसोळा. पुढचे दोन भाग बटणपट्टी धरून १९. बेरीज साडेपस्तीस. म्हणजे ३६ पन्ह्यातसुद्धा पाठ आणि पुढा एका ओळीत बसतात! उंची मोडीसकट २२, खाली बाह्यांना ९, कॉलर-योक-खिशाला ६. झाले ३७ इंच, मीटरच्या आत. टेलरकाकांनी सव्वा सांगितलंय, तेवढं नको, एक मीटर पुरे.

मुलीचं उलट होतं. तिची पाठ साडेएकोणीस, पुढा २३, मिळून साडेबेचाळीस. ३६ मध्ये जात नाहीत, एकाखाली एक बेतावे लागतात. २५ आणि २५, पन्नास इंच. बाह्या मात्र पाठीच्या शेजारी उरलेल्या जागेत निघतात, कॉलर पुढ्याशेजारी. म्हणून १ मीटर ३५ सेंटिमीटर. छाती साधारण २७ च्या पुढे गेली की ३६ पन्ह्यात ही उडी बसतेच. मूल जरासंच वाढतं आणि कापड एकदम वाढतं, ते याच्यामुळे.

५८ पन्ह्यात मुलाला ६५ सेंटिमीटर, मुलीला ८५. चारही शर्टांना ३ मीटर, वर १० सेंटिमीटर तिरक्या काटछाटीला. ३.१० मीटरचे ५५८ रुपये. ३६ पन्ह्यात चारही शर्टांना ४.७० मीटर, ५६४ रुपये. सहा रुपयांचा फरक. तेव्हा भावासाठी ५८ च्या मागे लागू नकोस, ज्याचा पोत आणि रंग नमुन्याशी जुळेल ते घे.

खरा पैसा पिनाफोरमध्ये आहे. ते रात्री लिहिते, कुकर लावलाय.

---

पेठेतला_बंड्या

काकू, मान्य. मी शर्ट शिवले नाहीत, नुसते इस्त्री केलेत.

---

रोहिणी_एस

माझ्या मुलीचा दहावीचा सलवार-कमीज आणि ओढणी आहे. ओढणीला वेगळं कापड की त्यातच? कोणी सांगेल का? आणि गेल्या वर्षी माझी फसगत झाली. एक जोड एप्रिलमध्ये घेतला, दुसरा जूनमध्ये त्याच दुकानातून. घरी दोन्ही एकच निळे दिसले. पटांगणात उन्हात उभी केली तर वरचं वेगळं, खालचं वेगळं. दुकानदार म्हणे तागा बदलला.

---

चित्राकाकू

रोहिणीने महत्त्वाचं सांगितलं. दोन्ही जोडांचं कापड एकाच दिवशी, एकाच ताग्यातून काप म्हणावं. मुलाच्या पँटचंही त्यातच.

आता पिनाफोर. पुढच्या भागाची कंबर १४ इंच. ४ इंचांचा एक बॉक्स प्लीट आत ८ इंच कापड खातो. तीन प्लीट म्हणजे २४. चौदा आणि चोवीस अडतीस, मायेचा एक, एकूण ३९ इंच. ५८ मधून १९ उरले. त्यात वरची चोळी, म्हणजे छातीचा भाग, मायेसकट १८ इंचांची. जेमतेम का होईना, निघते. मागच्या भागाचंही तसंच. म्हणजे घेराच्या दोन पट्ट्या कापल्या की त्यांच्याच शेजारून चोळी निघते. घेर २१ इंच, खाली ३ इंच दुमड आणि वर मायेचा एक, पट्टी २५ ची. दोन पट्ट्या ५० इंच, म्हणजे १ मीटर २७. आटणं आणि तिरकेपणा धरून १.४०. पट्टा चोळीखालच्या तुकड्यांतून जोड देऊन होतो.

दोन पिनाफोरला २.८०, दोन हाफ पँटना अर्धा-अर्धा मीटर, वर १० सेंटिमीटर. ३.९० मीटर, ९३६ रुपये. काकांच्या चिठ्ठीप्रमाणे १३२० होतात.

पण काकांना चोर ठरवू नका. पिनाफोरला सगळीकडे एकाला एक चिकटून प्लीट असते तर कापड कंबरेच्या तिप्पट लागलं असतं. मग चोळीला शेजारी जागा राहत नाही, ती खाली बेतावी लागते आणि एका पिनाफोरला पावणेदोन मीटरच्या आसपास जातं. त्यांनी प्लीट न बघता तोच अंदाज लिहिलेला असणार. त्यांना एक नमुना पिनाफोर दाखव.

---

निशिगंधा

काकू, कागदावर चौकोन काढून बघितले, खरंच बसतात! नवीन एकूण : कापड १४९४, शिलाई २४४०, सामान २४०. ४१७४ रुपये. ४८६ वाचतील.

---

सदाशिव_टेलरपुत्र

वडिलांचं दुकान होतं, म्हणून दोन शब्द. काकूंची बेरीज बरोबर आहे, पण जेमतेम बेतलेल्या कापडात वाढायला माया राहत नाही. सातवीतली मुलगी वर्षात तीन इंच वाढली तर खालची दुमड सोडून काम भागतं, पण छातीत रुंद झाली तर कडेची माया लागते. चोळीला कडेला अर्धा इंच नाही, एक इंच माया हवी. मग १८ चे १९ होतात आणि पन्ह्यात काठोकाठ. मी २० सेंटिमीटर जास्त घेईन प्रत्येकी. दोन पिनाफोरला ४० सेंटिमीटर, ९६ रुपये. दुसऱ्या वर्षी नवा शिवण्यापेक्षा स्वस्त.

---

चित्राकाकू

सदाशिवराव, सातवी-आठवीच्या मुलींचं तुमचं पटतं. मात्र २० सेंटिमीटरच्या पट्टीत चोळी निघत नाही, ती १५ इंच उंच आहे. त्यातून कडेला जोडपट्टी तेवढी निघेल. मी जोडपट्टी देत नाही, काखेत टोचते.

---

सदाशिव_टेलरपुत्र

आम्ही द्यायचो. काखेखाली कुणाला दिसते?

---

निशिगंधा

काल घेऊन आले. नेव्ही ब्ल्यू ४.३० मीटर घेतलं, सदाशिवदादांचं ऐकून, १०३२ रुपये. आकाशी ५८ पन्ह्याचं, कारण ३६ चं नमुन्यापेक्षा पातळ होतं. दुकानात मीटरपट्टीवर कापड ताणून मोजत होते, म्हटलं सैल ठेवून मोजा. घरी फरशीवर पसरून पुन्हा मोजलं, भरलं.

टेलरकाकांना कागद दाखवला. चष्मा कपाळावर घेऊन बराच वेळ बघितला. म्हणाले, "प्लीट आधी सांगितले असते तर मीच कमी लिहिलं असतं. शाळेगणिक वेगळे असतात, मी दोन मीटर धरूनच चालतो." मग म्हणाले, "कापड कमी पडून कुठे तुकडा जोडावा लागला तर मला बोलायचं नाही." आता एक जोड आधी शिवून देणार आहेत, घालून बघितल्यावर दुसरा कापतील. शाळा जूनच्या मध्यावर, त्यांच्याकडे आत्ताच पिशव्यांचा ढीग आहे. म्हणून तारीख चिठ्ठीवर लिहून घेतली.

शिलाईत मात्र एक रुपया कमी केला नाही. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

---

चित्राकाकू

शिलाई कमी करायला लावूही नकोस. पिनाफोरच्या सहा प्लीट सरळ बसवायला निम्मी दुपार जाते. पहिला जोड आला की तिला खाली बसायला सांग, प्लीट मांडीवर उघडतात का बघ. उघडत असले तर कंबर घट्ट झालीय. आणि कापड कापायच्या आधी काकांनी भिजवलं का, हे विचारलंस का?

---

निशिगंधा

नाही विचारलं! उद्या सकाळीच जाते.

---

रोहिणी_एस

माझ्या ओढणीचं कोणीच सांगितलं नाही.