शब्दचर्चा: ‘सार्थ अंक’, ‘पूर्णांकन’ आणि ± च्या दोन्ही बाजू

प्रयोगवही:
पहिल्या वर्षाच्या प्रयोगपुस्तिकेचं मराठी करते आहे. ‘सिग्निफिकंट फिगर्स’ना ‘सार्थ अंक’ आणि ‘राउंड ऑफ’ला ‘पूर्णांकन’ म्हटलंय. एका वाक्यावर अडले. मी लिहिलं होतं: ‘उत्तर आणि त्याची अनिश्चितता योग्य सार्थ अंकांपर्यंत पूर्णांकित करून लिहावी.’ साध्या लंबकाच्या प्रयोगानंतर वह्या तपासायला घेतल्या, तर जवळजवळ अर्ध्या वर्गाने गुरुत्वत्वरण g = ९.७८ ± ०.०२२६ मी/से² लिहिलेलं. विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, दोन्हीकडे तीन-तीन सार्थ अंक आहेत, मोजून बघा.’ मोजले. खरंच तीन-तीन आहेत!

म्हणजे मुलांनी माझं वाक्य अगदी प्रामाणिकपणे पाळलं आणि उत्तर चुकलं. दोष शब्दांचा आहे की वाक्याचा? ‘सार्थ’ऐवजी ‘महत्त्वाचे अंक’ म्हणावं का? आणि ‘पूर्णांकित’ हा शब्द बरोबर आहे का?

काना_मात्रा:
‘सार्थ’ सोडू नका, चांगला शब्द आहे. स + अर्थ, अर्थासकट. पोथीवर ‘सार्थ’ छापलेलं असतं ते याच अर्थाने. ‘महत्त्वाचे’ म्हटलंत की मुलं विचारतील, ९.७८ मधला ९ जास्त महत्त्वाचा की ८? (व्यापाऱ्यांच्या तांड्यालाही ‘सार्थ’ म्हणत, सार्थवाह त्यातूनच आला. इथे त्याचा संबंध नाही, पण राहवलं नाही.)

‘पूर्णांकन’ मात्र खटकतं. पूर्णांक म्हणजे १, २, ३. ९.७८ हा कुठे पूर्णांक आहे? ‘निकटन’ म्हणा. आणि जाता जाता, सार्थचा अर्थ धरला तर ९.८० मधलं शेवटचं शून्य निरर्थक ठरतं, ते काढून टाकायला सांगा.

मापाडी:
व्युत्पत्ती छान, पण शून्याबद्दल थांबा. ०.०२ मधली पुढची शून्यं फक्त जागा दाखवतात, ती सार्थ नाहीत. ९.८० मधलं मागचं शून्य मात्र सार्थ आहे. ‘शतांशापर्यंत पाहिलं आणि तिथे शून्य निघालं’ असं ते सांगतं. उत्तर ९.८ ± ०.०२ असं लिहिलं तर वाचणारा विचारेल, अनिश्चितता शतांशात सांगता आणि उत्तर दशांशातच का सोडलंत? ते ९.८० ± ०.०२ असंच हवं.

मी मापन-उपकरणांच्या कॅलिब्रेशनमध्ये आहे, रोज हेच लिहितो. प्रयोगवहीताई, लंबकाची मूळ निरीक्षणं द्याल का? आकड्यांशिवाय या शब्दांवर बोलणं हवेत जातं.

प्रयोगवही:
एका वहीतली देते. लांबी १.००० मी, अनिश्चितता ०.००१ मी. वीस आंदोलनांचे वेळ, पाचदा: ४०.१२, ४०.२५, ४०.०८, ४०.३१, ४०.१९ सेकंद. सरासरी ४०.१९, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ T = २.००९५ से. g = ४π²L/T² या सूत्रात घालून कॅल्क्युलेटरवर g आला ९.७७६५०७.

मापाडी:
धन्यवाद. पाच वाचनांचं प्रमाण विचलन ०.०९३५ से येतं. सरासरीची अनिश्चितता त्याला √५ ने भागून ०.०४१८. ती वीस आंदोलनांची, म्हणून T ची ०.००२१. सापेक्ष धरलं तर T चा वाटा ०.१ टक्का, पण सूत्रात T चा वर्ग आहे म्हणून दुप्पट, ०.२१ टक्के. लांबीचा वाटा ०.१ टक्का. दोन्हींचे वर्ग मिळवून मूळ काढलं की ०.२३ टक्के. ९.७७६५ चे ०.२३ टक्के म्हणजे ०.०२२६ मी/से². मुलांचा आकडा तंतोतंत बरोबर आहे.

आता या ०.०२२६ कडे बघा. तो आला फक्त पाच वाचनांवरून. पाच वाचनांतून काढलेलं प्रमाण विचलन स्वतःच साधारण ३५ टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतं. म्हणजे तिथला पहिला २ च थोडा डळमळीत आहे, दुसरा २ त्याहून, आणि ६ ला तर काहीच आधार नाही. ‘सार्थ’ शब्दाची खरी कसोटी इथे लागते, उत्तरावर नाही. म्हणून अनिश्चितता ०.०२. ती शतांशाच्या घरात थांबली, म्हणून ९.७७६५०७ पण शतांशाच्या घरात थांबवायचं: ९.७८ ± ०.०२ मी/से².

मुलांनी सार्थ अंक *दोन्हीकडे* मोजले. ते मोजायचे फक्त ± च्या उजवीकडे. डावीकडे अंक मोजायचेच नाहीत, फक्त घर जुळवायचं. उत्तरात किती सार्थ अंक आले ते आपोआप ठरतं, इथे तीन आले.

हिशेबनीस:
यात एवढं अवघड काय आहे? जीएसटीत कलम १७० सरळ आहे: पन्नास पैसे किंवा जास्त असले तर पुढचा रुपया, कमी असले तर सोडून द्या. पाच आला की वर. आयुष्यभर हेच केलं, कधी नोटीस आली नाही.

मापाडी:
साहेब, तुमचा नियम कराच्या रकमेसाठी आहे आणि तिथे तो कायद्यानेच बांधलाय. मोजमापात आपल्याकडचं भारतीय मानक आयएस २ वेगळं सांगतं: नेमका पाच असेल आणि त्याच्यामागे काहीच नसेल, तर आधीचा अंक सम असेल तर तसाच ठेवा, विषम असेल तर एकने वाढवा. ९.७८५ चं ९.७८ आणि ९.७७५ चंही ९.७८. प्रत्येक पाच वरच ढकलला तर ढीगभर वाचनांची सरासरी हळूहळू वर सरकते, म्हणून ही युक्ती.

पण खरं सांगायचं तर वरच्या लंबकात हा प्रसंग येतच नाही. कॅल्क्युलेटरवर ९.७८५०००० असं नेमकं कितीदा येणार? ९.७८५१ आलं की ते सरळ ९.७९. मुलं पाचच्या नियमावर जेवढा वेळ घालवतात, तेवढा घर जुळवण्यावर घालवला तर बरं.

बीएस्सी_दुसरं_वर्ष:
माझं वेगळंच झालं. मी आधी T चं २.०१ करून घेतलं, कारण ‘तीन अंक पुरे’ असं पाठ होतं. g आला ९.७७१६, म्हणून ९.७७ लिहिलं. शेजारच्याचा ९.७८. सरांनी माझे मार्क कापले, आणि वर लिहिलं ‘९.८ यायला हवं’. नक्की काय चुकलं?

मापाडी:
मधल्या पायरीवर काट मारलीत, हे चुकलं. T मध्ये ०.०००५ चा फरक पडला, तो वर्गात गेला आणि g सुमारे ०.००५ ने खाली आला. इथे अनिश्चितता ०.०२ आहे म्हणून फार बिघडलं नाही, पण शतांशाचा अंक मात्र बदलला. कॅल्क्युलेटरमध्ये सगळे अंक शेवटपर्यंत राहू द्या आणि एकदाच, अगदी शेवटी, थांबवा.

सरांच्या शेऱ्याशी मी सहमत नाही. महाराष्ट्रात g ९.७८ ते ९.७९ च्या आसपासच असतो. ९.८१ हा साधारण ४५ अंशांच्या अक्षांशाजवळचा आकडा पुस्तकांतून आलाय. आणि ९.८ ‘यायला हवं’ म्हणून अंक कापायचे नसतात, अनिश्चितता सांगेल तेवढेच कापायचे.

काना_मात्रा:
शून्याची चूक कबूल. पण मग ‘घर’ हा शब्दच वाक्यात का घेत नाही? शाळेत ‘दशकाच्या घरात’ म्हणतच होतो. ‘दशांश स्थळ’पेक्षा कानाला ओळखीचा आहे. ‘अनिश्चितता’बद्दल मात्र माझा आक्षेप राहतो. मराठीत अनिश्चित म्हणजे ठरलेलं नाही ते, उद्या सभा होईल की नाही ते. इथे तर तुम्ही ०.०२ इतकं नेमकं सांगता. ‘त्रुटी’ का नाही?

प्रयोगवही:
‘त्रुटी’ मी अकरावीच्या पुस्तकातून घेतला होता, पण मुलं तो ‘चूक’ म्हणून वाचतात. एका मुलीने लिहिलं होतं, ‘प्रयोगात त्रुटी राहिली नाही, म्हणून ± लिहिले नाही’. त्या दिवसापासून ‘अनिश्चितता’.

मापाडी:
आमच्या प्रमाणपत्रावर ‘अनिश्चितता’च असतं आणि ते बरोबर आहे. तिथे कोणाची चूक झालेली नसते, मोजलेली गोष्ट कोणत्या पट्ट्यात असावी एवढंच म्हणायचं असतं. पट्ट्याची रुंदी नेमकी सांगता येते, त्यात विरोध नाही.

काना_मात्रा:
मान्य म्हणत नाही, पण त्या मुलीच्या वाक्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. ‘पूर्णांकन’चं काय मग?

हिशेबनीस:
‘गोळाबेरीज’ म्हणा की. किंवा ‘राउंड ऑफ’. कोण म्हणतं पूर्णांकन? कोणीच नाही.

प्रयोगवही:
गोळाबेरीज म्हटलं तर मुलं अदमासे ठोकून देतील :) वर्गात मीही ‘राउंड ऑफ’च म्हणते. पुस्तिकेत दोन्ही टाळून वाक्यच बदलते आहे:

‘आधी अनिश्चितता एका सार्थ अंकापर्यंत आणा. ती ज्या घरात थांबेल, त्याच घरात उत्तर थांबवा. उत्तरातले सार्थ अंक मोजू नका.’

‘थांबवा’ काना_मात्रांना चालेल का?

काना_मात्रा:
चालेल. निकटनापेक्षा जिवंत आहे.

मापाडी:
‘थांबवा’ने मुलं पुढचे अंक नुसते तोडतील, म्हणजे ९.७७६५ चं ९.७७ करतील. ‘जवळच्या अंकावर थांबवा’ असं करा.

आणि ‘एका सार्थ अंकापर्यंत’ यावर थोडं अडतो. अनिश्चिततेचा पहिला अंक १ असेल तर एक अंक फार महाग पडतो. ०.०१४ चं ०.०१ केलं की पट्टा जवळजवळ तीस टक्क्यांनी आकसला. कॅलिब्रेशनमध्ये आम्ही दोन अंक ठेवतो, जास्तीत जास्त दोन. कणभौतिकीतली मोजमापं एकत्र करून छापणाऱ्या पार्टिकल डेटा ग्रुपचा नियम असा: अनिश्चिततेचे पहिले तीन अंक १०० ते ३५४ असतील तर दोन ठेवा, ३५५ ते ९४९ असतील तर एक. त्या हिशेबाने तुमचं २२६ पहिल्या गटात जातं आणि तोच लंबक ९.७७७ ± ०.०२३ होतो.

प्रयोगवही:
म्हणजे ज्यांनी ९.७७७ ± ०.०२३ लिहिलं त्यांचे मार्क मी कापू की नको? दोघांनी लिहिलं होतं. मी कापले.

मापाडी:
परत द्या.

बीएस्सी_दुसरं_वर्ष:
मग माझ्या भिंगाचं सांगा. नाभीय अंतर २०.१३ सेमी, अनिश्चितता ०.०९६. एका अंकात ०.१ होते. घर दशांशाचं झालं म्हणून २०.१ ± ०.१ लिहू का? ०.०९६ चा पहिला अंक ९ आहे, पण थांबवल्यावर तो १ झाला.

मापाडी:
त्याच नियमात ९५० ते ९९९ साठी वेगळी ओळ आहे: १००० करा आणि दोन अंक ठेवा. म्हणजे २०.१३ ± ०.१०.

प्रयोगवही:
पण पुस्तिकेत मी ‘एका’ लिहिलंय, आणि पुस्तिका सोमवारी छापायला जाते. दोन अंक म्हटलं की मुलं सगळीकडे दोन लिहिणार, ०.०७३ सुद्धा.

मापाडी:
०.०७३ लिहिलं तर काही बिघडत नाही. ९.७८ ± ०.०७३ लिहिलं तर बिघडतं.