मदत हवी आहे: वॉशिंग मशीनचे रिव्ह्यू खरे की पैसे देऊन लिहून घेतलेले?

कावेरी_०७: जुनं मशीन बंद पडलंय, आजच ऑर्डर टाकायचीय. एकाला ४.५ स्टार आहेत पण वाचताना खटकतंय, सगळे नुसतं "मस्त आहे, पैसा वसूल". खरे कसे ओळखायचे? लवकर सांगा प्लीज.

आजोबा_फिरस्ते: फ्रंट लोडच घ्या. आमचं नऊ वर्षं चाललंय, फक्त दाराचं रबर धुणं झालं की पुसायचं.

कावेरी_०७: फ्रंट लोडच आहे काका, पण प्रश्न रिव्ह्यूंचा आहे.

निशांत_म: सोप्पंय, 'व्हेरिफाइड' लिहिलेले तेवढेच वाचा.

पाना_पक्कड: तेवढ्याने भागत नाही. त्या खात्यावरून खरेदी झाली इतकंच त्यातून कळतं. विक्रेता आधी विकत घ्यायला लावतो, पाच स्टार पडले की पैसे बाहेरून परत करतो, शिक्का मात्र राहतोच. मी मशीन दुरुस्त करतो, खोक्यात "पाच स्टार द्या, भेट मिळवा" अशी चिठ्ठी कितीदा बघितलीय. कावेरीताई, किती रिव्ह्यू आहेत? नवे आधी लावून तारखा बघा, आणि लोकांनी टाकलेले फोटोही.

कावेरी_०७: २१२ आहेत. बापरे, त्यातले ७० चार दिवसांत आलेत, सगळे पाच स्टार! आणि जुन्या रिव्ह्यूंतल्या काही फोटोंत चक्क टॉप लोड मशीन आहे??

निशांत_म: सेल असेल तेव्हा. सेलनंतर रिव्ह्यू एकदम येतातच की.

पाना_पक्कड: येतात, मान्य. पण सेलमध्ये विकलेल्यांत कुणाचं इन्स्टॉलेशन रखडतं, कुणाचा पत्रा चेपलेला निघतो, म्हणजे एकदोन स्टारही पडतात. सत्तरच्या सत्तर पाच स्टार हे मला पटत नाही. फोटोंचं म्हणाल तर एकाच पानावर दोनतीन मॉडेलचे रिव्ह्यू एकत्र दिसतात, नाहीतर जुन्या मालाच्या पानावर नवा माल चढवलेला असतो. म्हणजे ते ४.५ तुमच्या मशीनचे नाहीतच. तुमचा मॉडेल नंबर ज्यात आहे तेवढेच धरा, आणि त्यातले दोन-तीन स्टारवाले नीट वाचा.

कावेरी_०७: असे फक्त १९ निघाले. तिघांनी लिहिलंय की पाच-सहा महिन्यांत पाणी बाहेर जाईना, ड्रेन पंप बदलावा लागला.

पाना_पक्कड: हे कामाचं. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या शब्दांत तोच बिघाड येत असेल तर मी खरा धरतो. फिल्टर तुंबूनही पाणी अडतं म्हणा, पण पंप बदललाय म्हणतायत.

निशांत_म: स्पर्धक पण खोटे एक स्टार टाकतात, त्याचं काय?

पाना_पक्कड: टाकतात, पण त्यात बहुतेक वेळा "बेकार, घेऊ नका" एवढंच असतं, पंपाचं कोण कशाला लिहील. तरी १९ वरून छातीठोक सांगता येणार नाही. आणि बहुतेक लोक पहिल्याच आठवड्यात लिहून मोकळे होतात, बेअरिंग किती वर्षं टिकेल ते खऱ्या रिव्ह्यूतूनही कळत नाही.

आजोबा_फिरस्ते: आमच्या मशीनला स्टँड लावलाय, उंदीर वायर कुरतडत नाहीत.

कावेरी_०७: आज ऑर्डर नाही टाकत. दुसरं एक ४.१ वालं आहे, त्याच्या तारखा बघते आणि इथेच सांगते.