प्रीऑर्डर करायची का नाही? (आणि दुकानवाल्याला हजार रुपये द्यायचे का)

शेवभाजी_जळगाव:
दोन महिन्यांनी गेम येतोय, पीएस५ वर, किंमत पाच हजाराच्या आसपास. तारीख आधीच दोनदा पुढे ढकललीय. दुकानवाला म्हणतो हजार अ‍ॅडव्हान्स दे, पहिल्या दिवशी डिस्क हातात. नाहीतर ऑनलाईन पीएस स्टोअरवर सरळ बुक करायची. कुठून करू एवढंच सांगा. करू की नको ते विचारत नाहीये, ज्याला गेम खरंच आवडतो तो प्रीऑर्डर करतोच, बाकीचे फुकटे फक्त रडायला येतात.

तापीकाठचा:
फुकटे म्हणालास म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं. रावेरचा व्यापारीसुद्धा बाग फिरून, घड बघून मगच केळीचा सौदा करतो, आणि तू ट्रेलर बघून पाच हजार देतोस वर बाकीच्यांना फुकटे म्हणतोस.

आता मुद्द्याचं. डिजिटल गेमचा स्टॉक संपत नाही, त्यामुळे 'आधी बुक केलं नाही तर मिळणार नाही' ही भीती स्टोअरवर नसतेच. तू आधी पैसे देऊन मिळवतोस काय, तर गेममधलं एखादं जॅकेट, एखादी बंदूक आणि प्रीलोड, म्हणजे रिलीजच्या आधीच गेम डाउनलोड करून ठेवणं. त्यातलं प्रीलोड तेवढं खरं कामाचं आहे. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाईनवर सलग चालला तरी साडेपाच तास खातो, आणि आपल्याकडे सलग साडेपाच तास लाईट असणं हा वेगळाच विषय आहे. पण प्रीलोड साधारण रिलीजच्या दोन-चार दिवस आधी उघडतं. मग दोन महिने आधी पैसे कशाला अडकवतोस? त्या शेवटच्या दिवसांत रिव्ह्यू पण आलेले असतात, बघ, पटलं तर घे.

धुळ्याचा_गेमर:
तापीकाठचा भाऊ उगीच घाबरवतोय. सोपी खूण सांगतो, कंपनीने 'गेम गोल्ड झाला' असं जाहीर केलं की गेम तयार, मास्टर डिस्क छापायला गेली, मग डिले नाही, काही नाही. गोल्ड झाल्यावर बिनधास्त प्रीऑर्डर मारायची. मी असंच करतो.

तापीकाठचा:
अर्धं बरोबर. गोल्ड म्हणजे डिस्कवर जायची आवृत्ती ठरली. गेम पूर्ण झाला असा त्याचा अर्थ नाही. सायबरपंक २०७७ चंच घे ना. पहिली तारीख १६ एप्रिल २०२०, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाहीर केलं की गोल्ड झाला. लोकांनी हुश्श केलं. आणि २७ ऑक्टोबरला परत २१ दिवस पुढे, १० डिसेंबर! कारण त्यांनीच सांगितलं, नऊ आवृत्त्या एकाच वेळी तपासायच्या होत्या, जुना पीएस४, प्रो, एक्सबॉक्स वन, नवे कन्सोल, पीसी, सगळं, आणि डे वन पॅचवर, म्हणजे रिलीजच्या दिवशी डाउनलोड करायच्या दुरुस्त्यांवर, काम चालूच होतं.

डिले वाईट नसतो. सहा-आठ महिने आधी, पुढचं काहीतरी ठरवून ढकलला तर बहुतेक वेळा चांगलंच. पण गोल्ड झाल्यावर तीन आठवड्यांसाठी ढकलला म्हणजे डिस्कवर जे छापलंय ते खेळण्यालायक नाही आणि सगळी मदार पॅचवर आहे, असा अर्थ मी काढतो. तेव्हा रिलीजच्या आधीच ८० लाख प्रीऑर्डर झाल्या होत्या हे विसरू नका.

नंदुरबारी_मिरची:
प्रीबुकिंगचं नावच काढू नका माझ्यासमोर. इलेक्ट्रिक स्कूटर बुक केली होती, चार वेळा तारीख बदलली, शेवटी रंग पण दुसराच आला. फोन केला की म्हणे प्लांटमधून निघालीय. कुठला प्लांट, चंद्रावर आहे का?

शेवभाजी_जळगाव:
मिरची भाऊ गेमबद्दल चाललंय हो 😂
आणि तापीकाठचा, सायबरपंक आता मस्त चालतो, मी स्वतः खेळलोय, उगीच जुनं उकरू नको.

तापीकाठचा:
आता मस्तच आहे, २०२३ च्या २.० अपडेटनंतर तर फारच. पण प्रीऑर्डरवाल्याने पैसे २०२० ला दिले होते ना भो! त्याने पूर्ण पैसे देऊन तुटका गेम घेतला आणि तू सेलमध्ये दुरुस्त झालेला घेतलास. फुकटा कोण मग?

वरणबट्टी_ताई:
भांडू नका. एक गोष्ट कोणी बोललं नाही. सायबरपंकचे रिव्ह्यू रिलीजच्या आधी आलेच होते की, ७ डिसेंबरला, आणि भरपूर मार्क होते. माझ्या भावाने तेच वाचून जुन्या पीएस४ वर घेतला. पण ते सगळे रिव्ह्यू पीसीचे होते, कन्सोलची कॉपी कोणाला दिलीच नव्हती, स्वतःचं फुटेज दाखवायलाही मनाई. भावाच्या मशीनवर रस्त्यावरची माणसं हवेतून उगवायची आणि दर थोड्या वेळाने गेम बंद पडायचा. महिना संपायच्या आत सोनीने तो गेम स्टोअरवरून काढून टाकला, जूनपर्यंत परत नाही आला. म्हणून नुसतं रिव्ह्यू बघा म्हणून चालत नाही, तुमच्या मशीनवरचा रिव्ह्यू बघा, आणि तो रिलीजपर्यंत आलाच नसेल तर तेच उत्तर समजा.

तापीकाठचा:
ताई, हे माझ्या डोक्यात होतं पण लिहायचं राहिलं. बरोबर.

धुळ्याचा_गेमर:
'डोक्यात होतं' वा रे वा.

चोपडा_डिस्कवाला:
तुम्ही सगळे शहरातले फायबरवाले. आमच्याकडे गावात पाऊस आला की लाईन गेली, उन्हाळ्यात लाईट गेली. डे वन पॅच ४०-५० जीबीचा आला की मी मोबाईल डेटावर रात्रभर बसतो. म्हणून मी डिस्कच घेतो. डिस्क टाकायची, खेळायचं, कंटाळा आला की विकायचं. डिजिटलवाले एकदा खेळून झाल्यावर काय करतात? काही नाही. शेवभाजी, डोळे झाकून दुकानातून घे.

तापीकाठचा:
भाऊ, विकायचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण डिस्कवर गेम असतोच असं समजू नका. मॉडर्न वॉरफेअर २ ची २०२२ ची पीएस५ डिस्क, त्यात जेमतेम ७० एमबी होते, बाकी सगळं डाउनलोड. जेडाय सर्व्हायव्हरच्या डब्यावरच लिहिलं होतं, डाउनलोड लागेल म्हणून. आणि डिस्कवर पूर्ण गेम असला तरी तो गोल्डच्या दिवशीचा. छपाई, डबे, ट्रक, दुकान यात काही आठवडे जातात, तेवढ्यात डेव्हलपर बग मारत बसतात आणि ते सगळं पॅचमधून येतं. बिननेटचा खेळलास तर सगळ्यात वाईट आवृत्ती तूच खेळतोस.

चोपडा_डिस्कवाला:
मला शिकवू नको. माझ्याकडे पीएस४ च्या वीसेक डिस्क आहेत, बहुतेक बिननेटच्या चालतात. एक-दोन कंपन्यांनी चोरी केली म्हणून सगळ्या डिस्क खोट्या? उद्या स्टोअर बंद झालं की तुमची लायब्ररी हवेत, माझं कपाट भरलेलं.

अमळनेरी_आप्पा:
काय कटकट शे भो. गेम खेळाले लेतस का कपाटमा ठेवाले?

चोपडा_डिस्कवाला:
आप्पा तुम्ही कँडी क्रश खेळा.

अमळनेरी_आप्पा:
लेव्हल इचार पहिले मन्ही.

वरणबट्टी_ताई:
झालं, प्रश्न काय होता तेच विसरले सगळे.

भुसावळ_यार्ड:
प्रश्न दुकानाचा होता, म्हणून सांगतो. मी एका दुकानात (नाव घेत नाही, शहर पण नाही) असाच अ‍ॅडव्हान्स दिला होता. बिल नाही, वहीत नाव आणि रक्कम. गेम पुढे गेला. विचारायला गेलो तर म्हणे पैसे डिस्ट्रिब्युटरकडे अडकलेत, हवं तर तेवढ्यात दुसरी डिस्क घेऊन जा. मला दुसरी नको होती. शेवटी एक जुना फुटबॉल गेम घेऊन आलो, जो मी आजपर्यंत लावलेला नाही. डिस्कवाले भाऊ, डिस्क चांगलीच असेल, पण अ‍ॅडव्हान्स देताना छापील बिल घ्या. त्यावर गेमचं नाव आणि तारीख पुढे गेली तर पैसे परत, असं लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर हजार रुपये गेले असं समजूनच द्या.

तापीकाठचा:
हाच फरक आहे. स्टोअरवर नियम लिहिलेला असतो. पीएस स्टोअरवर रिलीजच्या १४ दिवसांपेक्षा आधी केलेली प्रीऑर्डर रिलीजच्या तारखेपर्यंत रद्द करता येते. फक्त मुख्य गेम डाउनलोड व्हायला लागला की रिफंड जवळपास संपला, त्यामुळे कन्सोलचं ऑटो डाउनलोड आधी बंद करून ठेव. नाहीतर रात्री झोपेत प्रीलोड सुरू होईल आणि सकाळी तू नियम वाचत बसशील. तारीख नुसती पुढे गेली तर ऑर्डर तशीच राहते. पण २०२० मध्ये लास्ट ऑफ अस पार्ट २ बेमुदत पुढे ढकलला तेव्हा सोनीने डिजिटल प्रीऑर्डरचे पैसे स्वतःहून परत केले होते. वहीवाल्याने केले असते का?

धुळ्याचा_गेमर:
पीसीवाल्यांच्या स्टीम स्टोअरवर तर याहून सोपं, रिलीजपर्यंत कधीही रद्द, नंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर. डीलक्स आवृत्ती घ्यायची, अ‍ॅडव्हान्स अ‍ॅक्सेसमध्ये रिलीजच्या आधीच मनसोक्त खेळायचं, रिलीजला रिफंड मारायचा. ते तास मोजतच नाहीत 😎

वरणबट्टी_ताई:
एप्रिल २०२४ पासून मोजतात. आता मारून बघ.

धुळ्याचा_गेमर:
च्यायला. बरं. सांगितलं ते बरं झालं, पुढच्या आठवड्यात तेच करणार होतो.

चोपडा_डिस्कवाला:
म्हणजे शेवटी कंपनीने ठरवलं तर पैसे परत, नाहीतर नाही. कॉन्कॉर्डचं बघा, २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद.

तापीकाठचा:
आणि त्यात सगळ्यांना पूर्ण पैसे परत मिळाले. तो ऑनलाईनच गेम होता, तुझी डिस्क असती तरी खेळता आलं नसतं.

चोपडा_डिस्कवाला:
तुला शेवटचा शब्द पाहिजेच असतो का?

शेवभाजी_जळगाव:
थांबा रे. दुकानवाल्याला विचारलं बिल देतो का म्हणून, तर म्हणे 'तुमचा माझ्यावर विश्वास नाही का दादा'. अ‍ॅडव्हान्स कॅन्सल. स्टोअरवर बुक केलंय, ऑटो डाउनलोड बंद, पीएस५ चा रिव्ह्यू आल्याशिवाय चालू करणार नाही. आणि हो तापीकाठचा, आत्ताच बुक केलं कारण जॅकेट भारी आहे, काय करायचं ते कर.

तापीकाठचा:
माझं काय जातं. फक्त तारीख तिसऱ्यांदा ढकलली तर किती दिवसांसाठी आणि गोल्डच्या आधी का नंतर ते इथे टाक.

नंदुरबारी_मिरची:
जॅकेटचा रंग कोणता सांगितलाय? लिहून घेतलंय ना?