मदत हवी आहे: फ्लूव्होक्सामिन चालू असताना मेलाटोनिन घेतलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगी

धागा काढणारी: कोथरूडची_ताई

धाकट्या भावाला ओसीडीसाठी फ्लूव्होक्सामिन १०० मिग्रॅ रात्री चालू आहे, सहा आठवडे झाले. सकाळी सुस्ती वगैरे कधी नव्हती. तक्रार एवढीच, की झोप लवकर लागत नाही. म्हणून गेल्या रविवारी त्याने स्वतःच्या मनाने मेलाटोनिनची ५ मिग्रॅची गोळी आणली आणि रात्री ११ ला घेतली. सोमवारी हिंजवडीच्या बसमध्ये असा झोपला की स्टॉप गेला, शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने उठवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डोळे उघडत नव्हते म्हणे. मंगळवारी रात्री पुन्हा घेतली, बुधवारी तेच. मधल्या रात्री नाही घेतली तर सकाळी ठणठणीत.

गोळी बनावट असेल का? आईसुद्धा ह्याच पाकिटातली घेते, तिला काही होत नाही.

निवांत_पेठकर: मेलॅनिनच्या गोळ्या त्वचेसाठी असतात ना? झोपेशी काय संबंध?

कोथरूडची_ताई: मेलॅनिन नाही हो, मेलाटोनिन. झोपेचं.

सुहास_क: मी १० मिग्रॅ घेतो, वर एस्सिटालोप्राम चालू आहे. सकाळी सहाला तळजाईवर असतो. भावाला सवय नसेल, आठवडाभर घेऊ दे.

गोळ्यांचा_हिशेब: सुहासराव, तुमचं उदाहरण इथे लागू नाही. दोन्ही औषधं एकाच गटातली असली तरी एस्सिटालोप्राम मेलाटोनिनच्या वाटेला फारसं जात नाही, फ्लूव्होक्सामिन थेट जातं. मी औषधांच्या आपसातल्या भांडणांवरच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेलाटोनिन पोटातून आधी लिव्हरमध्ये जातं. तिथे सीवायपी १ए२ नावाचं एन्झाइम पहिल्याच फेरीत त्याचा बहुतेक फडशा पाडतं. सरासरी १५ टक्के रक्तात पोचतं, म्हणजे ५ मिग्रॅमधलं पाऊण मिग्रॅच्या आसपास. गोळीवरचा ५ चा आकडा ही नासाडी धरूनच असतो. फ्लूव्होक्सामिन नेमकं हेच एन्झाइम अडवतं, आणि जोरात अडवतं. निरोगी माणसांना ५ मिग्रॅ मेलाटोनिन ५० मिग्रॅ फ्लूव्होक्सामिनसोबत दिलं, तर रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी १२ पट आणि एकूण मात्रा १७ पट झाली होती. तुमच्या भावाचा डोस त्याच्या दुप्पट आहे.

आता गंमत बघा. १५ टक्क्यांचे अगदी १०० टक्के आत आले तरी वाढ सातपटीच्या आतच राहते. मग १७ पट कुठून? आत शिरलेलं मेलाटोनिन साफ करायचं कामही त्याच एन्झाइमकडे आहे, तेही रेंगाळतं. एरवी रक्तातलं मेलाटोनिन पाऊण-एक तासात निम्मं होतं, त्यामुळे सकाळी सातला नावापुरतं उरतं. ढीगच बारापट मोठा असेल, तर उपसायचा वेग तोच राहिला तरी तीनेक तास जास्त लागतात. वेग मंदावला की हिशेब दुपारकडे जातो.

गोळी बनावट असण्याची शक्यता मला कमी वाटते. आई आणि भाऊ यांच्यात फरक फ्लूव्होक्सामिनचा आहे.

मेडिकलवाला_सदाशिव: बरोबर आहे, दोन्ही एकत्र नकोतच. पण फ्लूव्होक्सामिन सकाळी आणि मेलाटोनिन रात्री, असं बारा तासांचं अंतर ठेवलं तर चालेल की.

गोळ्यांचा_हिशेब: नाही चालणार. रोज घेतल्यावर फ्लूव्होक्सामिन निम्मं व्हायलाच पंधरा-वीस तास लागतात. सकाळचा डोस रात्रीही एन्झाइम अडवूनच बसलेला असतो.

ताई, दोन प्रश्न. भाऊ सिगारेट ओढतो का? धुरामुळे हे एन्झाइम वाढतं. आणि चहा-कॉफी किती, कधी?

कोथरूडची_ताई: सिगारेट नाही. कॉफी मात्र ऑफिसच्या मशीनची, तीन-चार कप, शेवटचा संध्याकाळी सहाला. ह्या आठवड्यात पेंग घालवायला आणखी वाढवली.

गोळ्यांचा_हिशेब: अहो, मग मूळ दुखणं तिथेच असू शकतं! कॅफिनही त्याच एन्झाइमने उतरतं. एरवी पाचेक तासांत निम्मं होणारं कॅफिन फ्लूव्होक्सामिनसोबत तीस तासांपर्यंत रेंगाळल्याची नोंद आहे. कालची कॉफी आज रात्री अंगात, त्यात आजची भर. झोप कशी लागणार? खात्रीने नाही सांगू शकत, फ्लूव्होक्सामिन स्वतःही काहींची झोप उडवतं. पण आधी कॉफी हळूहळू उतरवून बघा, एकदम सोडली तर डोकं धरेल. मेलाटोनिन बंद, आणि गुंगीत गाडी नको.

फ्लूव्होक्सामिन मात्र स्वतःहून थांबवायचं नाही. मेलाटोनिन घेतलं होतं हे डॉक्टरांना सांगा. रॅमेल्टिऑन नावाची झोपेची गोळी आणि पाठ धरल्यावर देतात ती टिझॅनिडिन, ह्या दोन्ही फ्लूव्होक्सामिनसोबत पूर्ण वर्ज्य आहेत.

सुहास_क: मग अर्धा मिग्रॅ मेलाटोनिन घेतलं तर? १७ पटीने साडेआठ होतंय, पुरेल की.

गोळ्यांचा_हिशेब: कागदावर गणित जमतं. पण १७ ही सरासरी आहे, माणसामाणसात फरक मोठा. त्याच्या लिव्हरचा आकडा काय, हे गोळी गिळेपर्यंत कळत नाही. डॉक्टरांनी ठरवलं तर वेगळं.

कोथरूडची_ताई: टिझॅनिडिनचं बरं सांगितलंत, बाबांच्या डब्यात आहे ती. पाठ दुखली की हा तिथूनच गोळी उचलतो. आत्ताच डबा वरच्या फळीवर ठेवला. डॉक्टरांची वेळ शनिवारची मिळाली आहे, कॉफीचं त्याला आज सांगते. तोंड वाकडं करणार.