मुख्याध्यापिकांची डब्याची यादी आणि सकाळी दहा वाजताचा डबा

पाचवीतल्याचे बाबा (मूळ लेखन)

काल पालकसभेत मुख्याध्यापिकांनी अर्धा तास बोलून डब्याचे नवे नियम सांगितले. वेफर्स, झटपट नूडल्स, क्रीमची बिस्किटे, पाकिटातला केक, सॉस आणि गोड पेये सोमवारपासून बंद. त्याऐवजी उपमा, पोहे, थालीपीठ, भाजीपोळी, मोड आलेले मूग आणि एक फळ, अशी वारांप्रमाणे यादीही दिली. मला भाषण मनापासून पटले. सभेत कुरकुर करणाऱ्या पालकांना एवढेच विचारतो, की मुलासाठी पंधरा मिनिटे लवकर उठायला हरकत काय आहे?

पहिलीतलीची आई

कुरकुर करणाऱ्यांत मीही होते, म्हणून सविस्तर लिहिते. मी पावणेपाचला उठते; आणखी पंधरा मिनिटे काढली तरी माझा प्रश्न सुटणार नाही, कारण तो माझ्या झोपेचा नाही, परत येणाऱ्या डब्याचा आहे.

आता यादीत आले आहे तेच थालीपीठ मी गेल्या आठवड्यात दिले होते. कांदा आणि कोथिंबीर घालून, तुपावर खरपूस भाजून, सव्वासहाला डबा भरला. दुपारी एक वाजता डबा उघडला तेव्हा थालिपिठाच्या एका कडेला दोन चिमुकले चावे होते, कडा वाळून पापडासारख्या झाल्या होत्या आणि मधला भाग मात्र झाकणावरून ठिबकलेल्या पाण्याने गिजगिजीत झाला होता. मुलगी म्हणाली, "आई, ते तुटतच नव्हतं आणि मग घंटा झाली." त्या दिवशी ती सकाळी सहाच्या दुधानंतर दुपारी एकपर्यंत उपाशी राहिली. वेफर्स वाईट आहेत हे मला मान्य आहे, पण ते दहा वाजताही कुरकुरीत असतात आणि सहा वर्षांच्या हाताला जमतात. मुख्याध्यापिकांची यादी पोषण पाहून केलेली आहे; तो पदार्थ चार तास बंद डब्यात राहून कसा होतो, हे पाहून केलेली नाही.

सातवीतल्या मुलाचे वडील

या वादाची गरजच नाही. शाळेत असले पदार्थ नकोत असा कायदा आधीच आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2020 मध्ये नियम करून शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, साखर आणि मीठ असलेल्या पदार्थांच्या विक्रीला बंदी घातली. उपाहारगृह बंद केले की झाले.

शालेय आहाराचे काम करणारी

नियमाबद्दल तुम्ही लिहिलेले बरोबर आहे, पण तो विक्रीचा आहे. घरून आलेल्या डब्याला तो लागू होत नाही आणि इथे प्रश्न डब्याचाच आहे. त्यामुळे मुख्याध्यापिकांचा नियम पालकांच्या संमतीवरच चालणार आहे, आणि ती संमती टिकायची असेल तर डबा खाल्ला गेला पाहिजे.

पहिलीतलीच्या आईंनी लिहिलेले मी अनेक शाळांत पाहिले आहे आणि दोष त्यांच्या हाताचा नाही. गरम पदार्थ लगेच झाकला की वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि पुन्हा पदार्थावरच पडते. म्हणून तव्यावरचा पदार्थ ताटात एकावर एक न ठेवता पसरावा, सातआठ मिनिटे वाफ जाऊ द्यावी, डब्याच्या तळाशी सुती रुमालाची घडी ठेवावी आणि मगच झाकण लावावे.

वाळण्याचे कारण मात्र वेगळे आहे. भाजणीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते गार होताना आवळते, आणि पातळ थापलेले असेल तर आणखी लवकर कडक होते. भाजणी उकळत्या पाण्यात भिजवून दहा मिनिटे झाकून ठेवली, तिच्यात किसलेला दुधी पिळून न काढता घातला आणि पुरीएवढी, थोडी जाडसर थालीपिठे मध्यम आचेवर लावली, तर ती दहा वाजताही मऊ राहतात. खरपूसपणाचा मोह सोडावा लागतो. घरी ताटात वाढायचे थालीपीठ आणि डब्यात द्यायचे थालीपीठ हे दोन वेगळे पदार्थ समजावेत.

उपम्याचेही तसेच. तो गार झाला की त्याचा गोळा होणारच, मग त्याच्याशी भांडू नये. एका वाटी भाजलेल्या रव्याला अडीच वाट्या पाणी घालून, मटार आणि गाजर बारीक करून उपमा करावा, तेलाचा हात लावलेल्या ताटात थापावा आणि गार झाल्यावर वड्या कापाव्यात. चमचा लागत नाही, सांडत नाही, आणि मूल एका हाताने खाते. यादीतल्या मोड आलेल्या मुगांबद्दल मात्र माझी हरकत आहे. कच्चे, ओलसर मोड उन्हाळ्यात चार तास बंद डब्यात ठेवणे धोक्याचे आहे, कारण मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. ते पाचसात मिनिटे वाफवून, कोरडे करून, पूर्ण गार झाल्यावरच द्यावेत, हे सभेत सांगायला हवे होते.

नोकरीवाला बाप

एवढा खटाटोप करण्यापेक्षा बिस्किटांवर सरसकट बंदी का? बहुधान्यांची, नाचणीची बिस्किटे चांगली असतात. आमच्या मुलाला मी तीच देतो आणि डबा रोज रिकामा येतो.

शालेय आहाराचे काम करणारी

डबा रिकामा येतो हे महत्त्वाचे आहे, ते मी मान्य करते. पण पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि पुढे ठळक अक्षरात नाचणी लिहिलेल्या अनेक पाकिटांवर पहिला घटक परिष्कृत गव्हाचे पीठ, म्हणजे मैदा, आणि दुसरा किंवा तिसरा साखर असतो. नाचणी पहिल्या क्रमांकावर असलेले पाकीट मिळाले, तर जरूर द्या.

नोकरीवाला बाप

आत्ता पाहिले. मैदा, साखर, पामतेल, आणि नाचणी चौथी. ठीक आहे, तुमचे म्हणणे बरोबर निघाले. तरीही सकाळी सहाला घरात एकटा माणूस असतो, त्याच्यासाठी या यादीत एकही पदार्थ नाही, हा माझा मुद्दा मी सोडत नाही.

निवृत्त शिक्षिका

आपण सगळे पिठात आणि पाण्यात अडकलो आहोत. खरा अडथळा घड्याळाचा आहे. मी प्राथमिक वर्गांना तीस वर्षे शिकवले. शेवटच्या वर्षी माझ्या पहिलीच्या वर्गात मी एक आठवडा वेळ मोजला. छोटी सुट्टी पंधरा मिनिटांची. रांग लावून नळापर्यंत जाऊन हात धुऊन परत यायला चार ते पाच मिनिटे, दप्तरातून डबा काढून घट्ट झाकण उघडायला एक मिनिट, आणि शेवटची दोन मिनिटे आवरायला. खायला उरतात सात किंवा आठ. त्या वेळात सहा वर्षांचे मूल एक मोठी पोळी आणि सुकी भाजी संपवू शकत नाही, मग ती कितीही मऊ असो. मुख्याध्यापिकांनी पालकांचा मेनू बदलला, पण स्वतःचे वेळापत्रक बदलले नाही. सुट्टी पंचवीस मिनिटांची करा, मग नियम करा.

कार्यरत शिक्षक

बाई, आदर ठेवून विचारतो, ती दहा मिनिटे कुठून आणायची? दोन पाळ्यांची शाळा आहे, दुसऱ्या पाळीची मुले फाटकाशी उभी असतात. प्रत्येक गोष्टीचा दोष शाळेवर टाकायचा आणि डब्यात काय भरतो ते विचारायचे नाही, हे आता असह्य झाले आहे.

पहिलीतलीची आई

तुम्ही विचारता कसे, तेही सांगा. माझ्या मुलीच्या वर्गात सोमवारी डबे तपासले. एका मुलाच्या डब्यात केक निघाला, तर तो सगळ्यांसमोर उचलून दाखवला. आदल्या दिवशी त्याच्या बहिणीचा वाढदिवस होता. तो मुलगा मंगळवारी डबाच घेऊन आला नाही. पालकांच्या संमतीवर चालणारा नियम सहा वर्षांच्या मुलाला लाजवून पाळून घ्यायचा असतो का?

कार्यरत शिक्षक

ते चूक झाले. मी तसे करत नाही आणि त्याचे समर्थनही करणार नाही. चिठ्ठी पालकांना जायला हवी, बोट मुलाकडे जायला नको. पण चाळीस मुलांच्या वर्गात नियम सांगायचा आणि पाहायचे काहीच नाही, तर तो महिनाभरही टिकत नाही, हेही खरे आहे.

निवृत्त शिक्षिका

दहा मिनिटे मिळत नसतील, तर पाच मिळवता येतात. आम्ही हात धुण्याची रांग सुट्टीच्या आधीच्या तासाच्या शेवटी, बाकांच्या ओळीप्रमाणे लावायला सुरुवात केली होती. घंटा झाली की मुले थेट डबा उघडत. त्याला दुसरी पाळी आड येत नाही. आणि पालकांनी मुलाला उघडता येणारा डबा द्यावा. चार कड्यांचा डबा घेऊन बाईंकडे धावणारी मुले मी रोज पाहिली आहेत.

कार्यरत शिक्षक

रांगेचे मी माझ्या वर्गात करून बघेन. सुट्टी वाढवण्याबद्दल माझे मत बदललेले नाही.

शालेय आहाराचे काम करणारी

पालकांसाठी त्याच हिशेबातली एक गोष्ट. आठ मिनिटांत जे संपते तेवढेच भरा. पहिलीच्या मुलाला उपम्याच्या चार लहान वड्या किंवा दोन छोटी थालिपिठे आणि सोललेल्या संत्र्याच्या पाचसहा फोडी पुरतात. उरलेली भूक दुपारच्या जेवणाने भागते. पाचवीतल्या मुलाला याच्या दुप्पट लागेल. घरी रविवारी घड्याळ लावून, पदार्थ चार तास आधी डब्यात भरून, मुलाला गारच खायला द्या. संपला तर तो पदार्थ तुमच्या यादीत, नाही तर यादीतून बाद.

नोकरीवाल्या वडिलांसाठी: मुगाची डाळ रात्री भिजत घाला. सकाळी आल्यासकट वाटून हातभर रुंद नव्हे, तळहाताएवढी धिरडी टाका. वाटण्यापासून वाफ जाईपर्यंत वीस मिनिटे लागतात आणि धिरडे गार झाले तरी चावायला मऊ राहते.

पाचवीतल्याचे बाबा

रविवारी मी घड्याळ लावून पाहिले. डबा मीच भरला होता, पोळी आणि कोबीची भाजी. मुलगा दहा वर्षांचा आहे आणि त्याला आठ मिनिटांत सव्वा पोळी गेली. मी रोज तीन देतो. पंधरा मिनिटे लवकर उठण्याबद्दल जे लिहिले, ते मागे घेतो. बंदी मात्र योग्यच आहे, त्यावर मी ठाम आहे.

पहिलीतलीची आई

बंदीला माझा विरोध कधीच नव्हता. आज दुधी घातलेली दोन छोटी थालिपिठे दिली होती, एक संपून आले आणि एक अर्धे. उन्हाळ्यात मुलगी दहीभातच मागते आणि तो दहापर्यंत आंबतो. त्याचे काय करू?

निवृत्त शिक्षिका

भात सकाळचाच घ्या, रात्रीचा बाहेर राहिलेला नको. मऊ भातात कोमट दूध भरपूर घाला आणि दही फक्त एक चमचा. दहा वाजेपर्यंत ते डब्यातच विरजते आणि आंबट होत नाही. मात्र चमचा द्या, आणि आठ मिनिटांचा हिशेब त्यालाही लावून पाहा.