मुलाखतीच्या मेलचा स्क्रीनशॉट आणि त्यावरून लिहायचा आभाराचा निरोप : तुमचे अनुभव सांगा

सांजवारा

मुलाखत झाली की भाचा, पुतणी, शेजारची मुलं व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट पाठवतात. मुलाखतीची वेळ कळवणारा मेल असतो तो. खाली एक ओळ : "मावशी, एचआरला थँक्यू आणि पुढे काय झालं ते विचारणारा मेल लिहून दे ना." तेवढ्यावरून चांगला निरोप लिहिता येत नाही, असं माझं ठाम मत झालंय. मुलाखतीआधी काय ठरलं होतं ते त्या चित्रात असतं, मुलाखतीत काय घडलं ते नसतं. आणि जे ठरलं होतं तेही अर्धं कापलेलं असतं.

ताजं उदाहरण देते. भाचा नागपूरचा, जागा डेटा ॲनालिस्टची, कंपनी पुण्याची. स्क्रीनशॉटमध्ये वर "Talent Acquisition Team" एवढंच नाव. मग गुरुवार १२ मार्च, दुपारी ३:३०, दुसरी फेरी, गूगल मीटची लिंक, पॅनेलमधली दोन नावं. शेवटचं वाक्य "५ ते ७" या आकड्यांवरच तुटलेलं. खालची सही दिसतच नव्हती.

मी त्याला म्हटलं, मेल खाली सरकवून दुसरा फोटो पाठव, आणि नावाखालच्या बाणावर बोट ठेवून पत्ता उघडलेला तिसरा. तेव्हा उलगडा झाला. मेल पाठवला होता वेळा लावून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरने. ज्या रिक्रूटर बाईंशी तो आधी फोनवर बोलला होता, त्या सीसीमध्ये होत्या. पहिल्या फोटोवरून लिहिलं असतं तर "डिअर टीम" असा मायना झाला असता आणि बाईंना मेल गेलाही नसता. आता मायन्यात बाईंचं नाव आलं आणि उत्तर "रिप्लाय ऑल"ने गेलं. तुटलेलं वाक्यही पूर्ण मिळालं : ५ ते ७ कामाच्या दिवसांत कळवू.

मग विचारलं, आत काय बोलणं झालं? "छान झाली" यापुढे गाडी सरकेना. खोदून विचारल्यावर कळलं की दोन गोदामांत एकाच मालाला वेगवेगळे कोड असतील तर काय करशील, असा प्रश्न आला होता. आधी बारकोडवरून जुळवीन, असं तो म्हणाला. तेव्हा पॅनेलमधले एक सर म्हणाले की आमच्या टीमचं सध्या हेच काम चालू आहे. शिवाय त्याने केलेल्या डॅशबोर्डची लिंक त्यांनी मागितली होती, आणि ही गोष्ट तो सांगायचीच विसरला होता! निरोपाचा खरा ऐवज तोच.

मेल इंग्रजीत गेला, मजकूर साधारण असा :

"नमस्कार मॅडम, काल दुपारची दुसरी फेरी जुळवून दिल्याबद्दल मनापासून आभार. एकाच मालाच्या दोन कोडांच्या प्रश्नावर पॅनेलशी सविस्तर बोलणं झालं. तुमची टीम सध्या हेच काम करते आहे हे कळल्यावर या जागेत मला आणखी रस वाटतो आहे. सरांनी मागितलेली डॅशबोर्डची लिंक खाली दिली आहे, ती कृपया त्यांच्यापर्यंत पोचवावी. पुढची फेरी असल्यास साधारण कधी होईल, ते कळवल्यास बरं होईल. माझा नोटीस पीरियड ३० दिवसांचा आहे."

विषयाची ओळ बदलली नाही. जीमेलमध्ये विषय बदलला की संभाषण तुटतं, आणि बाईंना हा मुलगा कोणत्या जागेसाठीचा ते शोधत बसावं लागतं.

तुम्ही कोणाला असा निरोप लिहून दिलाय का? स्वतः पाठवलाय का? उत्तर आलं का?

पाटीपेन्सिल

ताई, ही अमेरिकेची पद्धत झाली. आपल्याकडे थँक्यू मेल कोणी वाचत नाही. एचआरचा नंबर असतोच, सरळ व्हॉट्सॲप करायचं. मी तसंच केलं आणि तासाभरात उत्तर आलं.

भरतीकट्टा

मी बरीच वर्षं भरतीच्या कामात आहे, टेबलाच्या या बाजूने सांगतो.

पाटीपेन्सिल यांचं अर्धं बरोबर आहे. आभार मानल्यामुळे निकाल बदलत नाही. निर्णय रिक्रूटरचा नसतोच. मुलाखत घेणारा सिस्टिममध्ये अभिप्राय भरतो आणि तो येईपर्यंत रिक्रूटरला काही हलवता येत नाही. पण मेल वाचला जात नाही हे खरं नाही. आभाराच्या मेलमध्ये लिंक, नोटीस पीरियड, दुसऱ्या ऑफरची शेवटची तारीख अशी कामाची गोष्ट असेल तर मी ती त्याच दिवशी उमेदवाराच्या नोंदीत टाकतो. नुसतं "मौल्यवान वेळ दिल्याबद्दल आभार" असेल तर वाचून बंद करतो.

व्हॉट्सॲपचं म्हणाल तर रिक्रूटरने स्वतः तिथे बोलणं सुरू केलं असेल तर खुशाल करा. सहीतला नंबर शोधून रात्री साडेनऊला "एनी अपडेट मॅम" पाठवलं, तर ते मेलसारखं नोंदीला जोडता येत नाही आणि दिवसभराच्या गर्दीत हरवतं.

स्क्रीनशॉटमध्ये आणखी एक गोष्ट बघा, ती म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता. `noreply@` ने सुरू होत असेल तर तिथे पाठवलेलं उत्तर कोणी बघत नाही. मग रिक्रूटरचा सुरुवातीचा मेल शोधायचा आणि त्याला उत्तर द्यायचं. कॅलेंडरच्या निमंत्रणावर "Yes" दाबलं की ते फक्त निमंत्रण तयार करणाऱ्याला जातं. अनेकांना वाटतं आपण कळवलं, आणि रिक्रूटरला पत्ताही नसतो.

मोगरा_लातूर

माझ्या सुनेची सहायक प्राध्यापक पदाची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. कॉलेजचं मुलाखतपत्र आलंय, त्याचा फोटो माझ्याकडे आहे. निवड समितीतल्या सरांना असा आभाराचा मेल आधीच पाठवून ठेवावा का? ओळख निघाली तर बरंच.

भरतीकट्टा

काकू, तिथे अजिबात नको. अशा जाहिरातींत बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं की कोणत्याही प्रकारे वशिला लावण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवारी रद्द होईल. समितीतल्या व्यक्तीला खाजगीत मेल गेला तर तो त्यात मोडू शकतो. मुलाखतपत्रावर हजर राहण्याची संमती मागितली असेल तर ती कार्यालयाच्या पत्त्यावर कळवा. तेवढंच.

मोगरा_लातूर

बरं झालं विचारलं. तिला सांगते.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असतो. पुण्यातल्या मावसभावाची मुलाखत इथल्या क्लायंटबरोबर होती, त्यानेही स्क्रीनशॉटच पाठवला. त्यात दोन वेळा होत्या. मजकुरात "10:00 AM EST", आणि वर कॅलेंडरच्या चौकटीत संध्याकाळी ७:३०. तो म्हणाला, दादा, ईएसटी म्हणजे रात्री ८:३० ना?

हिवाळ्यात ८:३० बरोबर. पण इथली घड्याळं यंदा ८ मार्चला पुढे गेली आणि त्याची मुलाखत १७ मार्चची. लोक सवयीने बाराही महिने ईएसटीच लिहितात. कॅलेंडरची चौकट पाठवणाऱ्याच्या घड्याळावरून हिशेब करून तुमची वेळ दाखवते, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायचा. तरीही मुलाखतीआधी एका ओळीत विचारून घ्यायला लावलं : "मंगळवारी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७:३०, बरोबर ना?"

आभाराचा मेल त्याने दुसऱ्या दिवशी "शेड्यूल सेंड" लावून पाठवला, भारतात संध्याकाळी ६:३०, म्हणजे इथे सकाळी ९. पुण्यात सकाळी उठून पाठवला असता तर इथे मध्यरात्री येऊन पडला असता आणि सकाळच्या ढिगाखाली गेला असता. इथे हा मेल अपेक्षितच असतो, न पाठवणारा उलट लक्षात राहतो.

नवा_पदवीधर

एक शंका आहे. मला वेळ कळवणारा मेल आजच आलाय, मुलाखत सोमवारी. आभार आता मानायचे की नंतर?

सांजवारा

दोन्ही वेळा, पण निरोप वेगळे. आत्ता फक्त पोच : "मेल मिळाला, सोमवारी ११ वाजता लिंकवर हजर असेन, आभार." यात पुढची विचारणा नको, अजून काही घडलेलंच नाही. खरा आभाराचा मेल मुलाखतीनंतर, जमल्यास त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी. आणि मुलाखत संपल्या संपल्या आतल्या दोन-तीन गोष्टी वहीत उतरवून ठेव, रात्रीपर्यंत त्या पुसट होतात.

चौथीसीट

स्क्रीनशॉट पाठवणाऱ्यांनी मीटिंगचा पासकोड, स्वतःचा नंबर आणि उमेदवार क्रमांक झाकून पाठवावा. मित्रांच्या ग्रुपवर असे फोटो फिरताना मी पाहिलेत. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता उघडून बघाच. नाव मोठ्या कंपनीचं आणि पत्ता साधा जीमेलचा असेल, वर "ट्रेनिंग डिपॉझिट" मागत असतील, तर आभाराचा मेल लिहूच नका.

पाटीपेन्सिल

पत्त्याचं पटलं. पण पॅनेलमधल्या लोकांचं काय? नावं स्क्रीनशॉटमध्ये असतातच. लिंक्डइनवर शोधून थेट आभार मानले तर जास्त परिणाम होईल ना?

हडसनकाठ

इथे चालतं. मी स्वतः मुलाखत घेतो तेव्हा असे दोन ओळींचे निरोप येतात, मला आवडतात.

भरतीकट्टा

मला नाही पटत. निकाल लागायच्या आधी कनेक्शनची विनंती आली की काही जण अवघडतात, एकाने तर मला फोन करून तक्रार केली होती. रिक्रूटरलाच सांगा की पॅनेललाही आभार कळवा.

हडसनकाठ

मुलाखतीत त्यांनी स्वतः ईमेल दिला असेल तर?

भरतीकट्टा

मग प्रश्नच नाही. दिला नसेल तर माझं मत तेच राहील.

ओसरी

सांजवारा, भाच्याचं पुढे काय झालं? पाच-सात दिवस तर उलटून गेले.

सांजवारा

मोजणीतच गंमत झाली. तो १९ तारखेलाच विचारायला निघाला होता, सात दिवस झाले म्हणून. मी कॅलेंडर समोर ठेवलं. शुक्रवार १३ हा पहिला दिवस. शनिवार-रविवार सोडून १६, १७, १८ हे दुसरा, तिसरा, चौथा. १९ ला गुढीपाडवा, पुण्याच्या ऑफिसला सुट्टी. २० ला पाचवा, २३ ला सहावा, २४ ला सातवा. म्हणून २५ ला सकाळी त्याच मेलच्या साखळीत तीन ओळी गेल्या : "१२ मार्चच्या दुसऱ्या फेरीबद्दल विचारत आहे. पॅनेलचा अभिप्राय आला आहे का? माझ्याकडून काही कागद किंवा माहिती हवी असल्यास लगेच पाठवतो." "माझी निवड झाली का" असं मुद्दाम विचारलं नाही. त्याचं उत्तर बाईंकडे नसेल तर त्या गप्प बसतात. अभिप्राय आला की नाही हे मात्र त्यांना सांगता येतं.

भरतीकट्टा

अगदी योग्य प्रश्न. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असतं तर पाडव्याची सुट्टी बहुधा धरता आली नसती, तेही ध्यानात ठेवा.

ओसरी

आणि उत्तर?

सांजवारा

दुपारी आलं. एका सरांचा अभिप्राय आलाय, दुसऱ्यांचा बाकी आहे, डॅशबोर्डची लिंक दोघांनाही पाठवली आहे, येत्या आठवड्यात कळवतो. आता पुढचा मेल २ एप्रिलच्या आधी नाही, असं ठरवलंय.